मिठाच्या स्फटिकातून अ‍ॅव्होगॅड्रो संख्या: घनता, कड आणि मोलर वस्तुमानावरून एका मोलमधले कण कसे मोजायचे

बारावीच्या रसायनशास्त्रात युनिट सेलचं एक सूत्र असतं. त्यात अ‍ॅव्होगॅड्रो संख्या घालायची आणि स्फटिकाची घनता काढायची, अशी गणितं मुलं भराभर सोडवतात. तेच सूत्र उलटं फिरवलं, म्हणजे घनता स्वतः मोजली, युनिट सेलची कड क्ष-किरणांनी मोजली आणि मोलर वस्तुमान तक्त्यातून घेतलं, तर अ‍ॅव्होगॅड्रो संख्याच हाती येते. त्यासाठी मिठासारखा सोपा पदार्थ नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नीट काम केलं तर हजारात दोन-तीन भागांइतकी अचूकता मिळते. हे काम कसं करायचं, चूक कुठे शिरते आणि ती कशी ओळखायची, ते इथे क्रमाने सांगतो.

सूत्रामागचा विचार

मिठाचा एक मोल घ्या. त्याचं वस्तुमान M, म्हणजे ५८.४४ ग्रॅम (सोडियम २२.९९ आणि क्लोरीन ३५.४५). स्फटिकातला सर्वांत लहान, पुन्हा पुन्हा येणारा घन म्हणजे युनिट सेल. त्याची कड a असेल तर आकारमान a³, आणि घनता ρ असेल तर त्या एका इवल्या घनाचं वस्तुमान ρa³. त्या घनात NaCl च्या Z जोड्या असतील तर एका जोडीचं वस्तुमान ρa³/Z. मग एका मोलमध्ये अशा जोड्या किती, हा साधा भागाकार उरतो:

```
N = Z × M / (ρ × a³)
```

या सूत्रातली खरी गंमत ρa³ या गुणाकारात आहे. तो एका युनिट सेलचं वस्तुमान आहे, आणि वस्तुमान तापमानाने बदलत नाही. मीठ तापलं की कडेबरोबर a³ वाढतो आणि घनता a³ च्याच प्रमाणात कमी होते. म्हणून प्रयोग २० अंशांना केला की ३० अंशांना, याने उत्तर बदलत नाही. अट एकच: दोन्ही मोजमापं एकाच तापमानाची हवीत. घनता उकाड्यात ३० अंशांना मोजली आणि क्ष-किरणांचा चार्ट एसी खोलीत २० अंशांना घेतला, तर मिठाच्या प्रसरणामुळे उत्तरात साधारण ०.१२ टक्क्यांचा फरक पडतो.

Z चारच का

या पायरीवर मुलं सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून सावकाश मोजू. घनाच्या आठ कोपऱ्यांवर क्लोराइड आयन आहेत. प्रत्येक कोपरा आठ घनांच्या वाटणीत असल्याने आठांचा मिळून एकच आयन आपल्या घनाच्या वाट्याला येतो. सहा पृष्ठांच्या मध्यभागी एकेक क्लोराइड आहे आणि तो दोन घनांत अर्धा-अर्धा वाटला जातो, म्हणून तीन. एकूण चार क्लोराइड. सोडियम आयन बारा कडांच्या मध्यावर आहेत. एक कड चार घनांची असते, म्हणून बारांचे तीन, आणि घनाच्या अगदी मध्यात एक पूर्ण. एकूण चार सोडियम. म्हणजे NaCl च्या चार जोड्या.

सूत्रातून जी संख्या मिळते ती जोड्यांची असते. एका मोल मिठात सुटे आयन त्याच्या दुप्पट असतात. "एका मोलमध्ये किती कण" असं विचारलं की कण म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्यावं. मिठात रेणू नसतात, त्यामुळे हा प्रश्न इथे खरोखर उभा राहतो.

आणखी एक घोळ नेहमी होतो. सोडियम आणि शेजारचा क्लोराइड यांच्यातलं अंतर २.८२ अँगस्ट्रॉम आहे आणि कड त्याच्या दुप्पट, ५.६४. कडेऐवजी हे अंतर वापरलं तर उत्तर आठपट येतं. आठपट, चौथा हिस्सा किंवा दहाचे भलतेच घात आले, तर चूक मोजमापात नसून मोजणीत किंवा एककांत आहे असं समजावं. १ अँगस्ट्रॉम म्हणजे १०⁻⁸ सेंमी, म्हणून त्याचा घन १०⁻²⁴ घन सेंमी.

मीठ निवडणं आणि वाळवणं

नजर उतरवून मीठ-मोहऱ्या विस्तवात टाकल्या की मीठ तडतडतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. ते तडतडणं या प्रयोगासाठी फार मोलाची सूचना आहे. मिठागरात खडा तयार होताना समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब त्याच्या पोटात अडकून राहतात. तापवल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो. शुद्ध मिठाची घनता २.१६ ग्रॅम प्रति घन सेंमी, तर त्या खाऱ्या पाण्याची साधारण १.२. खड्याच्या आकारमानात एक टक्का जरी असं पाणी असलं तरी घनता ०.४५ टक्क्यांनी कमी भरते आणि तेवढ्याच प्रमाणात N जास्त येतो.

म्हणून जाडं मीठ जसंच्या तसं वापरू नये. शेंदेलोण खनिज असलं तरी त्यात इतर क्षार आणि मातीचे कण असतात, आणि स्वयंपाकाच्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मिसळलेलं असतं. प्रयोगशाळेचं शुद्ध मीठ घ्यावं, खलात रव्याइतकं बारीक करावं म्हणजे अडकलेले थेंब उघडे पडतात, आणि ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना तीन-चार तास वाळवून डेसिकेटरमध्ये थंड होऊ द्यावं. पिठासारखं बारीक मात्र करू नये, कारण मग कणांमधली हवा बाहेर काढणं अवघड होतं. पावसाळ्यात कोकणात हा प्रयोग करणार असाल तर डेसिकेटरमधून काढल्यावर मिनिटाभरात वजन झालं पाहिजे.

घनता मोजणं

मीठ पाण्यात विरघळतं, म्हणून ज्यात ते विरघळत नाही असा द्रव लागतो. केरोसीन उत्तम, टोल्युइनही चालतं. जवळ ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी. घनता मोजायला २५ मिलीची डेन्सिटी बॉटल वापरायची. तिच्या बुचाला आरपार बारीक छिद्र असतं, जास्तीचा द्रव त्यातून वर येतो आणि बाटली दर वेळी अगदी तेवढीच भरते.

वजनं पाच घ्यायची. खाली आमच्या एका बॅचच्या वहीतले आकडे आहेत, ग्रॅममध्ये, २५ अंशांना:

```
रिकामी कोरडी बाटली        १८.४१२
बाटली + मीठ               २८.६५५
बाटली + मीठ + केरोसीन      ४४.६१७
बाटली + केरोसीन            ३८.१२२
बाटली + पाणी               ४३.२९०
```

पाण्याचं वजन २४.८७८ ग्रॅम. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७०५, म्हणून बाटलीचं आकारमान २४.९५२ मिली. नुसतं केरोसीन १९.७१० ग्रॅम भरलं, म्हणजे त्याची घनता ०.७८९९. मिठावर ओतलेलं केरोसीन १५.९६२ ग्रॅम, त्याचं आकारमान २०.२०७ मिली. बाटलीतली उरलेली जागा, ४.७४५ मिली, मिठाची. मीठ १०.२४३ ग्रॅम. घनता आली २.१५९ ग्रॅम प्रति घन सेंमी.

वरवर पाहता वजनाचा काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक आहे, मग चौथा अंक डळमळीत का? कारण मिठाचं आकारमान आपण थेट मोजलेलंच नाही. ते दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलं आहे. केरोसीन दर अंशाला हजारात सुमारे एक भाग प्रसरण पावतं. तिसऱ्या आणि चौथ्या वजनाच्या मध्ये तापमान एका अंशाने बदललं तर वीस मिली केरोसीनमध्ये ०.०२ मिलीचा फरक पडतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण मिठाच्या पावणेपाच मिलीच्या मानाने तो ०.४ टक्के आहे. या प्रयोगातला सर्वांत मोठा खड्डा हाच. यावर उपाय दोन. बाटली प्रत्येक वेळी एकाच पाण्याच्या भांड्यात वीस मिनिटं ठेवायची आणि तापमान लिहून ठेवायचं. आणि मीठ भरपूर घालायचं, अर्धी बाटली भरेल एवढं, म्हणजे केरोसीनचा वाटा कमी होतो. वरच्या बॅचने दहाच ग्रॅम घेतलं होतं, वीस घेतलं असतं तर चूक निम्म्याहून कमी झाली असती.

बाटली मुठीत धरू नका, मानेला कागदाच्या पट्टीने धरा. हाताच्या उबेने केरोसीन छिद्रातून वर येतं, पुसलं जातं आणि बाटली गार झाल्यावर पातळी खाली गेलेली दिसते. छिद्र काठोकाठ भरलेलं नसेल तर ते वजन रद्द समजावं.

दुसरा शत्रू हवेचा बुडबुडा. आधी मीठ बुडेल एवढंच केरोसीन घालून बाटली हळूहळू गोल फिरवा, बोटाने टिचक्या मारा, दहा मिनिटं थांबा. हातपंपाने थोडी निर्वात पोकळी करता आली तर फारच चांगलं. ०.०५ मिलीचा बुडबुडा राहिला तरी घनता एक टक्का कमी भरते. अडकलेलं खारं पाणी, राहिलेली हवा, अपुरं वाळवणं, या सगळ्या चुका घनता कमीच दाखवतात आणि N वाढवतात. त्यामुळे तीन बॅचनी प्रयोग केला आणि तिघांचाही N जास्त आला, तर तो योगायोग मानू नये.

कड मोजणं

कडेसाठी क्ष-किरण विवर्तनाचं यंत्र लागतं. ते बहुतेक विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागात असतं आणि शुल्क भरून मिठाच्या भुकटीचा चार्ट मिळतो. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण असतात, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. चार्टवर आडव्या अक्षावर 2θ हा कोन असतो आणि ठरावीक ठिकाणी शिखरं उभी राहतात. सर्वांत उंच शिखर साधारण ३१.७ अंशांना दिसतं, ते (200) प्रतलांचं. ७५.३ च्या आसपासचं (420) चं. λ ही तरंगलांबी आणि h, k, l हे कंसातले तीन आकडे धरले, तर प्रत्येक शिखरावरून कड स्वतंत्रपणे निघते:

```
a = λ × √(h² + k² + l²) / (2 sin θ)
```

उंच शिखर वाचायला सोपं, म्हणून सगळे तेच उचलतात. माझा सल्ला उलट आहे. कमी कोनावर sin θ फार झरझर बदलतो. कोनाच्या वाचनात ०.०२ अंशाची चूक झाली तर (200) वरून काढलेल्या कडेत ०.०६ टक्के चूक येते, आणि सूत्रात कडेचा घन असल्याने N मध्ये त्याच्या तिप्पट, ०.१८ टक्के. तीच चूक (420) वर झाली तर N मध्ये फक्त ०.०७ टक्के.

याहून लबाड चूक भुकटीच्या पातळीची. भुकटी दाबून भरताना तिचा पृष्ठभाग धारकाच्या कडेपेक्षा किंचित खाली गेला तर सगळी शिखरं डावीकडे सरकतात आणि कड मोठी दिसते. आमच्या चार्टवर (200) होतं ३१.६६ अंशांना, त्यावरून कड आली ५.६४७. (420) होतं ७५.२६ अंशांना, त्यावरून ५.६४२. एकाच मिठाच्या दोन कडा असू शकत नाहीत. कोन वाढेल तशी कड एकाच दिशेने बदलत असेल तर बहुधा पातळीचा दोष आहे.

तो दुरुस्तही करता येतो. प्रत्येक शिखरासाठी cos²θ/sin θ काढा आणि कड त्याच्याविरुद्ध आलेखावर मांडा. बिंदू सरळ रेषेत येतात. रेषा मागे ओढून cos²θ/sin θ शून्य असेल तिथली कड वाचा. आमच्या दोन शिखरांसाठी ही किंमत ३.३९ आणि १.०३ होती, आणि रेषा शून्याला ५.६४० वर भेटली. दोनच बिंदूंवर रेषा ओढण्यापेक्षा पाच-सहा शिखरं घ्यावीत. इथे हिशोब दिसावा म्हणून दोनच दाखवली.

तरंगलांबीही तपासून घ्या. तांब्याचे क्ष-किरण दोन अगदी जवळच्या तरंगलांबींचे असतात. १.५४०६ ही त्यांतल्या प्रखर किरणाची, तर १.५४१८ ही दोघांची सरासरी. जास्त कोनांवर शिखर दुभंगलेलं दिसतं. त्यातलं डावीकडचं उंच शिखर वाचून सरासरी तरंगलांबी वापरली, तर N मध्ये ०.२३ टक्क्यांची चूक येते.

आकडेमोड

आता सगळं एकत्र:

```
a³ = (५.६४० × १०⁻⁸)³ = १.७९४१ × १०⁻²² घन सेंमी
ρa³ = २.१५९ × १.७९४१ × १०⁻²² = ३.८७३ × १०⁻²² ग्रॅम
N = ४ × ५८.४४ / (३.८७३ × १०⁻²²) = ६.०३५ × १०²³
```

घनतेतली अनिश्चितता ०.३ टक्के धरली आणि कडेची N मध्ये येणारी ०.१ टक्के, तर उत्तर ६.०३५ ± ०.०२ असं लिहावं. मान्य किंमत ६.०२२ या पट्ट्यात बसते. जो काही फरक आहे तो घनता थोडी कमी भरल्यामुळे, म्हणजे अपेक्षित दिशेनेच. शुद्ध मिठाची घनता २.१६३ च्या आसपास आहे.

इथे एक गोष्ट जपून पाहा. आम्ही पातळीचा दोष दुरुस्त न करता (200) ची ५.६४७ ही कड वापरली असती, तर N आला असता ६.०१३. हा आकडा आमच्या उत्तरापेक्षाही ६.०२२ च्या जवळ आहे! कमी भरलेली घनता आणि जास्त भरलेली कड, दोघांनी एकमेकांची चूक झाकली असती. म्हणून जर्नल तपासताना मी शेवटचा आकडा आधी बघत नाही. घनता आणि कड स्वतंत्रपणे पटतात का, ते आधी बघतो.

मोजपट्टी कुठून आली?

या पद्धतीत एक सापळा आहे, आणि त्यात भलेभले अडकले होते. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये मिठाची रचना उलगडली, तेव्हा क्ष-किरणांची तरंगलांबी कुणालाच नेमकी माहीत नव्हती. मग त्यांनी हेच सूत्र सुलट वापरलं: अ‍ॅव्होगॅड्रो संख्या माहीत धरली, घनतेवरून मिठातलं अंतर काढलं आणि त्या अंतरावरून तरंगलांबी. पुढे मिठातलं हे अंतर २.८१४ अँगस्ट्रॉम मानलं गेलं आणि क्ष-किरणांच्या तरंगलांबी त्याच मोजपट्टीने मोजल्या जाऊ लागल्या.

आता ते जुनं अंतर घ्या. कड झाली ५.६२८. घनता २.१६३ घालून N काढा. उत्तर येतं ६.०६२ × १०²³. हा आकडा ओळखीचा आहे: तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून मिलिकनने १९१७ मध्ये दिलेली किंमत नेमकी हीच. यात निसर्गाने काहीच सांगितलेलं नाही. आत घातलेला आकडा फिरून बाहेर आला, एवढंच.

हे वर्तुळ तोडायला तरंगलांबी मिठाशिवाय मोजणं भाग होतं. १९२५ मध्ये कॉम्प्टन आणि डोन यांनी रेघा मारलेल्या जाळीवर क्ष-किरण अगदी तिरके सोडून तरंगलांबी थेट मोजली. जाळीच्या रेघांमधलं अंतर मीटरशी जोडलेलं असतं, अ‍ॅव्होगॅड्रो संख्येशी नाही. १९२८ मध्ये बॅकलिनच्या मोजमापांनी दाखवलं की जुन्या तरंगलांबी सुमारे ०.२ टक्क्याने कमी आहेत. ०.२ टक्के कडेत म्हणजे ०.६ टक्के N मध्ये. मग दोष शोधता शोधता तो मिलिकनच्या प्रयोगात सापडला: त्याने वापरलेली हवेच्या श्यानतेची किंमत किंचित कमी होती, त्यामुळे इलेक्ट्रॉनचा प्रभार कमी आला आणि N जास्त. मिठाच्या स्फटिकाने हवेच्या श्यानतेतली चूक पकडून दिली, हे मला आजही थरारक वाटतं.

आपण वापरतो ती १.५४०६ ही तरंगलांबी आज मीटरशी स्वतंत्रपणे जोडलेली आहे, म्हणून आपला प्रयोग वर्तुळात फिरत नाही. पण जुन्या पुस्तकात कड ५.६२८ दिसली तर ती वापरू नका, आणि कड तक्त्यातून उचलणार असाल तर ती घनतेवरून मागे हिशोब करून काढलेली नाही, याची खात्री करा.

२० मे २०१९ पासून अ‍ॅव्होगॅड्रो संख्या ६.०२२१४०७६ × १०²³ अशी व्याख्येनेच ठरवलेली आहे. तिथवर पोहोचवणाऱ्या सर्वांत अचूक मोजमापांपैकी एकाचं सूत्र हेच होतं, फक्त मिठाऐवजी सिलिकॉन आणि Z चाराऐवजी आठ. सिलिकॉन ओलावा धरत नाही आणि त्याचे जवळजवळ निर्दोष स्फटिक वाढवता येतात. जवळपास निव्वळ सिलिकॉन-२८ चा एक किलोचा गोळा घासून इतका गोल केला होता की त्याचा व्यास प्रकाशाच्या व्यतिकरणाने मोजून थेट आकारमान काढता आलं. केरोसीन, बाटली आणि तिच्या तोंडाशी येणारा बुडबुडा, तिघांचीही मग गरज उरली नाही.